अण्णा, कटतीचं कारण पट्टीवर लिहा

अण्णा,

साडेसहाशे रुपयांचा हिशेब मागायला हे पत्र लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. हिशेब मी मागणारच आहे. पण आधी त्या फोनचं बोलू.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर तुम्ही स्वतः फोन केला होता. म्हणालात, "भाव उतरायला लागलाय. मळणी झाली असेल तर वाट बघू नको, माल घेऊन ये." मी विचारलं, दोन दिवस ऊन देऊ का? तुम्ही म्हणालात, "कशाला? दुकान आपलंच आहे. बघून घेऊ." आठवतं ना? का असे फोन तुम्ही त्या आठवड्यात पन्नास जणांना केले होते, म्हणून माझा लक्षात राहिला नाही?

तुमच्या शब्दावर मी ताडपत्री गुंडाळली, ट्रॅक्टर भाड्यानं सांगितला आणि तीस क्विंटल सोयाबीन मोंढ्यात आणलं. त्या दिवशी चांगल्या मालाला 4,300 निघाला. मला 3,650 मिळाला.

भाव कमी मिळाला म्हणून आजवर कधी तुमच्याशी भांडलोय का? सोयाबीन पंचवीसशेनंही विकलंय तुमच्याच दुकानात, आणि वर चहा पिऊन गेलोय. त्या वेळी सगळ्यांचाच भाव पडला होता. या वेळी भाव माझ्या एकट्याचा पडला. तो कशानं पडला, हे तुम्हाला माल यायच्या आधीपासून ठाऊक होतं आणि मला सौदा झाल्यावर कळलं. दुखलं ते इथं.

तुमच्या वडिलांच्या वेळी यंत्र नव्हतं. ते पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढायचे, एक दाणा दाताखाली धरून फोडायचे. कट्‌कन तुटला तर बोलायचे नाहीत. दाबला जाऊन चपटा झाला तर माझ्या बापाला सांगायचे, "पाटील, ओलं आहे. मागं पटांगण आहे, दोन दिवस पसरा, मग सौद्यात लावू." माल आमचा, पटांगण त्यांचं. त्याचे पैसे त्यांनी कधी धरले नाहीत. म्हणायचे, आपल्या माणसाचं पाणी आपण विकायचं नाही आणि आपल्या माणसाचा दाणा कुणाला फुकट द्यायचा नाही.

हे वाक्य तुम्हीच मला दोनदा ऐकवलंय, अभिमानानं. मग माझ्या वेळी पटांगणाची आठवण का झाली नाही?

तुमच्या मुलानं कपाटातून ते यंत्र काढलं. ढिगाच्या कडेला, जिथं रात्रीचं दव पडलं होतं, तिथले दाणे ओंजळीत घेतले, पेल्यात ओतले, बटण दाबलं. सोळा. एकदाच. मग ओंजळ ताटलीत पसरली, बोटानं चार काळपट दाणे बाजूला सारले आणि म्हणाला, "डागी पण आहे, काका. माती पण आहे." खरेदीदारानं मान हलवली. एवढ्यावर माझं वर्ष मोजून झालं.

अण्णा, तो चांगला पोरगा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याला कुणी शिकवलं का की नमुना एका जागेचा घ्यायचा नसतो? ढिगाचा माथा, मध्य, बूड, कडा, सगळीकडून थोडं थोडं घ्यायचं, एकत्र कालवायचं, आणि त्यातून तीनदा मोजून सरासरी काढायची. हे यंत्र दाण्याच्या विजेच्या गुणधर्मावरून ओलावा ओळखतं. दाणा तापलेला असला, पेला कमी-जास्त भरला, बाहेरून दव लागलेलं असलं, की आकडा हलतो. आधी हरभरा मोजला असेल आणि पीक बदलायचं राहिलं असेल, तर सोयाबीनचा आकडा खरा येतच नाही. तुमच्या दुकानात त्या दिवशी तसं झालं, असं मी म्हणत नाही. तसं झालं नाही, हे कुणी बघितलं, एवढंच विचारतोय.

त्याच मालातलं, माळावरच्या शेतातलं थोडं सोयाबीन मी बियाण्यासाठी घरी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून शेजारच्या गावातल्या गोदामात नेलं. तिथल्या माणसानं तीनदा मोजलं. चौदाच्या आत-बाहेर आलं.

मग ढीग सोळाचा कसा झाला? तेही तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते तुमच्याच ओट्यावर झालं.

माझा माल दोन जागचा होता. बावीस क्विंटल माळावरचं, आधी काढलेलं, परतीच्या पावसाच्या तावडीतून सुटलेलं. आठ क्विंटल ओढ्याकाठचं. त्याची गंजी पावसात सापडली, खालचा थर भिजला, शेंगा काळवंडल्या, दाण्याला डाग पडले. ते आठ क्विंटल हलकं आहे हे मला डोळ्यांनी दिसत होतं. म्हणून तर वेगळ्या रंगाच्या सुतळीनं तोंडं शिवून आणलं होतं. हमाल पोती फोडायला लागले तेव्हा मी म्हणालो, हे वेगळं ठेवा. तुम्ही गादीवरून म्हणालात, "राहू दे रे, एकच ढीग करा. दोन-दोन पट्ट्या कोण करत बसणार?"

तुमची एक पट्टी वाचली, अण्णा. माझं बावीस क्विंटल चांगलं सोयाबीन आठ क्विंटल डागीच्या भावात गेलं.

तुमच्या धंद्यातली ही अगदी पहिली इयत्ता आहे. मोंढ्याची अट दहा टक्के हवा, दोन टक्के माती, दोन टक्के डागी. त्यात बसला तो दिवसाचा भाव, त्याच्या बाहेर गेला की कटती. आठ क्विंटलमध्ये दहा टक्के डागी असेल आणि ती तीस क्विंटलमध्ये मिसळली, तर सगळा ढीग पावणेतीनच्या आसपास जातो, म्हणजे अटीच्या बाहेर. वेगळं ठेवलं असतं तर बावीस क्विंटल त्या अटीत बसलं असतं. हवेचंही तसंच. ओलं सोयाबीन कोरड्यात मिसळलं की ढिगाचा आकडा चढतो आणि भाव आकड्यावर ठरतो. ही गोष्ट मला माहीत नव्हती. तुम्हाला होती ना?

आता हिशेब.

हवेचे पैसे कापू नका, असं मी म्हणतच नाही. पाण्याचे पैसे कुणी का द्यावेत? तेलाच्या कारखान्याच्या दारात तुमच्या खरेदीदाराचा माल पुन्हा मोजला जातो, तिथं त्याचे पैसे कापले जातात, हे मला कळतं. ओलं सोयाबीन थप्पीत तापतं, बुरशी धरतं, त्याच्या तेलात आंबटपणा वाढतो. डागी दाण्यानं तेल काळवंडतं, ते साफ करायला खर्च येतो. हे सगळं मान्य. पण पाण्याचे पैसे किती होतात, ते एकदा कागदावर मांडू.

तीस क्विंटलमध्ये सोळा टक्के पाणी, म्हणजे कोरडा दाणा 25 क्विंटल 20 किलो. तोच दाणा दहा टक्क्यांवर आणला की वजन भरतं 28 क्विंटल. म्हणजे तुमचा आकडा जसाच्या तसा खरा धरला, तरी जास्तीचं पाणी निघालं दोन क्विंटल. 4,300 च्या भावानं त्याचे 8,600 रुपये. मातीचं तुम्ही तोंडी चार टक्के धरलंत, त्यातले दोन अटीत बसतात. राहिलेल्या दोनाचे साधारण 2,400. दोन्ही मिळून 11,000.

आणि कापले किती? तीस क्विंटलला साडेसहाशेप्रमाणे 19,500.

मधले साडेआठ हजार कशाचे, अण्णा?

डागीचे म्हणाल तर डागी मोजली कुणी? शंभर ग्रॅम दाणे काट्यावर घ्यायचे, डागी वेचायचे, ते पुन्हा काट्यावर टाकायचे. जितके ग्रॅम तितके टक्के. पाच मिनिटांचं काम. तुमच्याकडे तो छोटा काटा आहे, मी बघितलाय, त्याच्यावर तुमचा मुलगा दिवाळीत चांदीची नाणी तोलतो. माझे दाणे मात्र बोटानं सारून मोजले गेले. वाळवणाची मजुरी म्हणाल, तर ती लिहा. खरेदीदाराची जोखीम म्हणाल, तर तीही लिहा. लिहिलेल्या कटतीशी माणूस वाद घालू शकतो, नाहीतर ती मान्य करून घरी जाऊ शकतो. तुमच्या पट्टीवर दर आहे, वजन आहे, हमाली आहे, तोलाई आहे, माझी चाळीस हजारांची उचल पैशापैशाला वळती केलेली आहे. हवा, माती, डागी हे तीन शब्द मात्र कुठंच नाहीत. ज्यानं भाव ठरला तेच पट्टीवर नाही.

उचलीचंही बोलूच. जूनमध्ये बियाण्याला आणि खताला तुम्ही पैसे देता, ते उपकार मी विसरत नाही. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "पैशाचं टेन्शन घेऊ नको, माल फक्त आपल्याकडे आण." मी आणला. त्याच सकाळी समोरच्या आडतीत एकाचा तेरा टक्क्यांचा माल चार हजारांच्या वर गेला. माझ्या डोळ्यांदेखत. पण माल उचलून तिकडं नेणार कसा? पोती फुटलेली, ढीग ओतलेला, उचल अंगावर. हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणूनच यंत्र ढीग ओतल्यावर बाहेर आलं का? पोती बंद असताना, गाडी दारात उभी असताना का नाही?

मी त्या दिवशी आणखी दोन गोष्टी तुमच्याकडून ऐकायला हव्या होत्या, त्या मला पुढं भलत्याच माणसांकडून कळल्या.

पहिली म्हणजे सरकारी खरेदी. हमीभाव 4,892 होता. तिथंही हवेची अट होती, बारा टक्के. तुमच्या मोंढ्यातल्या दहापेक्षा दोन जास्त. नोंदणी करावी लागते, निरोपाची वाट बघावी लागते, केंद्रावर बारदाना संपतो, चाळणी लावतात, हे सगळं त्रासाचं आहे, मान्य. पण माझ्या माळावरच्या बावीस क्विंटलला दोन दिवसांचं चांगलं ऊन मिळालं असतं तर ते बाराच्या आत आलं असतं. मग 15 नोव्हेंबर 2024 ला केंद्रानं त्या हंगामापुरती पंधरा टक्क्यांपर्यंत सूट दिली. तोवर माझं सोयाबीन विकून, उचल फेडून, दिवाळीही होऊन गेली होती. सूट येणार हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं, ते मी तुमच्या माथी मारत नाही. पण बाराची अट तर ठाऊक होती. "दोन दिवस वाळव आणि केंद्रावर नोंद कर," हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं असतं तर तुमचं काय गेलं असतं? माझ्या मालाची आडत गेली असती, एवढंच ना?

दुसरी गोष्ट तारणाची. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून चालू आहे. वाळवलेला माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या पाऊणपट कर्ज सहा टक्क्यांनी घ्यायचं, आणि 180 दिवसांत भाव बघून विकायचा. समितीचं ऑफिस तुमच्या दुकानातून दिसतं. मी तुमच्या गादीवर इतकी वर्षं बसलो, तुम्ही मला पेपर वाचून दाखवलात, राजकारण सांगितलंत, पोरीच्या स्थळाबद्दल सल्ला दिलात. तारणाचं नाव कधी काढलं नाहीत. का, अण्णा?

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्यानं स्वतः शिकावं. शिकलो. घरात यंत्र नाही, पण काचेची कोरडी बाटली आहे. तीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ टाकून पाच-दहा मिनिटं हलवायचं, मग थोडा वेळ थांबायचं. मीठ काचेला चिकटलं तर दाणा साधारण पंधराच्या वर. नाही चिकटलं तर खाली. दहा का बारा हे बाटली सांगत नाही, त्याला यंत्रच लागतं. पण मोंढ्याची गाडी सांगायची का नाही, एवढं कळतं. माल दोन-तीन बोटांपेक्षा जाड पसरायचा नाही, दर दोन तासांनी पाय फिरवायचे, दिवस कलला की गोळा करून झाकायचा, नाहीतर दिवसा घालवलेली हवा रात्री परत येते. फार वाळवूनही चालत नाही. मळणीच्या आधी शेंग अति कोरडी झाली आणि हडंब्याचे फेरे कमी केले नाहीत, की दाण्याची डाळ पडते आणि ती वेगळी कटती. इकडं ओलं, तिकडं फुटलेलं. मधली वाट अरुंद आहे. ती वाट तुमच्या वडिलांनी माझ्या बापाला दाखवली होती.

शिकता शिकता एक गोष्ट ध्यानात आली, ती तुम्हाला सांगतो, कारण त्यावर तुम्ही कधी बोलला नाहीत. समजा मी सोयाबीन चांगलं वाळवलं आणि हवा आठ निघाली. मोंढ्याची अट दहा. म्हणजे मी तुमच्या खरेदीदाराला पाण्याच्या जागी दाणा देतोय. माझं तेच 28 क्विंटल आठवर आणलं तर भरेल 27 क्विंटल 40 किलोच्या आसपास. साठ किलो वजन कमी, पण आत दाणा तेवढाच. त्या साठ किलोचे अडीच हजारांच्या वर पैसे होतात. ते मला मिळतात का? अकरा निघाली की एका टक्क्याची कटती. नऊ निघाली की एका टक्क्याची वाढ का नाही? यंत्र दोन्ही बाजूंनी मोजतं. कापायचं मात्र एकाच बाजूनं.

म्हणून तर गावात चौघं-पाचजण मुद्दाम पोत्यावर पाणी शिंपडून आणतात. तुम्हाला ते चोर वाटतात. मलाही ते पटत नाही. पण कोरड्याला काहीच मिळत नाही असं ठरलं, की माणसं अटीच्या काठावर माल आणायला शिकतात, आणि मग तुम्ही सगळ्यांच्याच ओंजळीकडे संशयानं बघता.

यंदाच्या, 2025 च्या, हंगामाला हमीभाव 5,328 जाहीर झालाय. पेरणी झाली, पीक बरं आहे. बियाणं घरचं वापरलं, खत रोखीनं घेतलं. त्यासाठी म्हशीचं एक वगार विकलं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. तुमची उचल या वर्षी घेतली नाही. तुम्ही निरोप पाठवलात, "रागावलास का?" त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. रागावलो नाही, अण्णा. मनाला लागलंय. रागावलो असतो तर तुमच्या दारावरून सरळ समोरच्या आडतीत गेलो असतो आणि एक अक्षर लिहिलं नसतं.

या वेळी माल दोन ढिगांत येईल आणि दोन पट्ट्या लागतील. पोती फोडायच्या आधी हवा मोजायची, चार जागचे दाणे घेऊन, तीनदा, माझ्यासमोर. डागी काट्यावर मोजायची. हवा, माती, डागी आणि प्रत्येकाची कटती पट्टीवर वेगवेगळी लिहायची. आकडा पटला नाही तर गाडी तशीच वळवायची मला मोकळीक.

आणि हवा आठ निघाली तर वरचे पैसे देणार का, ते आधी कळवा. "बघून घेऊ" असं कळवू नका. पोळ्यापर्यंत निरोप आला तर बरं, कारण गोदामात जागा धरायची असेल तर समितीत अर्ज त्या सुमारास द्यावा लागेल.

तुमचा,
ओढ्याकाठचा